एसच्या आधीचा ठिपका

लग्न होऊन मी वाठारला आले तेव्हा युद्ध सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. हे तिथे असिस्टंट स्टेशनमास्तर होते. स्टेशनच्या मागे दोन खोल्यांचं रेल्वेचं क्वार्टर, पुढे एक लिंबाचं झाड आणि समोर रस्ता. रस्त्यापलीकडे पत्र्याची एक शेड होती, तिच्या दारावर निळ्या रंगात पांढऱ्या अक्षरांची इंग्रजी पाटी. मी सांगलीची. आमच्या गल्लीत संध्याकाळी माणसांची एवढी ये-जा असायची की झोपेपर्यंत आवाज थांबत नसे. वाठारला गाडी गेली की सगळं गप्प व्हायचं आणि पुढची गाडी येईपर्यंत तसंच राहायचं.

माझे वडील सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मला मुलगा असल्यासारखं शिकवून त्यांनी मॅट्रिक केलं, पण पुढे धाडायची ऐपत नव्हती. परीक्षांच्या दिवसांत पेपरांचा गठ्ठा घरी यायचा आणि सोपे पेपर ते माझ्यासमोर टाकायचे. त्यातूनच मला चुका दिसायची सवय लागली. ती चांगली सवय आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

समोरची शेड म्हणजे दोन मुसलमान भावांचं फराळाचं दुकान. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी माणसं एके काळी वाठारलाच उतरून पुढे मोटारीनं जात. नंतर ती पुण्याहून थेट मोटारीनं जायला लागली, पण युद्धात पेट्रोलवर नियंत्रण आलं आणि साहेबलोक पुन्हा रेल्वेकडे वळले. पाठीला कोळशाची भट्टी लावलेल्या गॅसच्या मोटारी स्टेशनाबाहेर धुरकटत उभ्या असत, आणि त्या सुटायला तास-तास लागे. तेवढ्या वेळात लोक समोर जाऊन चहा, अंडी, केक असं काहीबाही खात.

थोरला भाऊ चाळिशीच्या पुढचा. पाचगणीला एका इंग्रजाच्या बंगल्यावर त्यानं पंधरा-वीस वर्षं स्वयंपाक केला होता. इंग्रजी तो फडाफड बोलायचा, पण त्याला एक अक्षर लिहिता येत नव्हतं. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नव्हतं. धाकटा पलटणीत भरती होऊन मलायात गेला होता. सिंगापूर पडल्यावर त्याच्याबद्दल सरकारी पत्र आलं की तो बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे मेला नाही, एवढाच अर्थ घरानं धरला होता. घरात थोरला, डोळ्यांनी अधू झालेली त्यांची आई आणि धाकट्याची बायको. तिला सगळे धाकटी म्हणत, मीही तेच म्हणेन. ती तासगावची, वीस वर्षांचीही नसेल. पहाटे उठून ती पीठ मळायची, बिस्किटं पाडायची, भट्टीपाशी बसायची, आणि दुपारी दुकान सुस्त झालं की मागच्या दारानं माझ्याकडे यायची.

ती यायची ते इंग्रजी शिकायला. नवऱ्याच्या पलटणीच्या पत्त्यावर ती पत्रं धाडायची. आतला मजकूर मोटारस्टँडवरचा कुणीतरी उर्दूत लिहून द्यायचा आणि वरचा पत्ता इंग्रजीत हे लिहून द्यायचे. एकदा पत्र परत आलं. तिला वाटलं, पत्त्यात चूक झाली असेल. तेव्हापासून तिनं ठरवलं की पत्ता आपण स्वतः लिहायचा. थोरल्याला हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली होती, सांगू नका, हसतील. पाटीवर खडूनं मी तिला अक्षरं काढून द्यायची. ती हुशार होती, दोन महिन्यांत तिला दुकानाची पाटी वाचता यायला लागली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते शाळेचं प्रकरण झालं. पाचगणीच्या एका इंग्रजी शाळेची मुलं सुट्टीला जाताना आणि परत येताना वाठारलाच गाडी बदलत. तीस-चाळीस पोरं आणि बरोबर दोन बाया. त्यांचा फराळ समोरच्या दुकानात ठरलेला होता, आणि दुकान मुख्यतः त्यावरच चालायचं असं म्हटलं तरी चालेल. शाळेत नवीन बाई आली होती. तिनं दुकानाकडून पदार्थांची आणि त्यांच्या दरांची यादी मागवली. यादी छापलेली होती, भिंतीवर लावायलाही तीच असे. साताऱ्याच्या एका छापखान्यात ती कधीतरी छापून घेतली होती. बाईनं ती परत पाठवली. तिच्यावर लाल पेन्सिलीनं एकोणीस गोल होते आणि खाली लिहिलं होतं की ज्यांना आपली यादी शुद्ध ठेवता येत नाही त्यांचं स्वयंपाकघर शुद्ध असेल यावर माझा विश्वास बसत नाही, दुरुस्त यादी आली तर विचार करू.

थोरला ती यादी घेऊन ह्यांच्याकडे आला. ह्यांनाही गोल कशाचे ते कळेना, कारण शब्दांची स्पेलिंगं तर बहुतेक बरोबर होती. संध्याकाळी त्यांनी ती मला दिली. मी बघितली आणि हसू आवरेना. सगळी चूक एकाच गोष्टीची होती. छापणाऱ्यानं जिथे जिथे शब्दाच्या शेवटी एस आला होता तिथे तिथे त्याच्या आधी वर शेपटीचा ठिपका, अपॉस्ट्रॉफी, टांगून ठेवला होता, आणि जिथे खरोखर हवा होता तिथे विसरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लाल पेन्सिल घेऊन बसले. धाकटी शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, एवढं काय चुकलंय? मी तिला सांगायला लागले, आणि सांगता सांगता मला वडिलांसारखं वाटायला लागलं.

मी तिला म्हटलं, अंडी एकापेक्षा जास्त असली तर एगला नुसता एस लागतो. वर ठिपका नाही. इथे EGG'S छापलंय, त्याचा अर्थ एका अंड्याचं काहीतरी. अंड्याचं काय, ते लिहिलेलंच नाही. केकचं तेच, बिस्किटांचं तेच. आण्यांच्या आकड्यापुढेसुद्धा ह्यानं ठिपका दिलाय, म्हणजे चार आण्याचं कुणीतरी. ती हसली. मग मी म्हटलं, ठिपका लागतो तो कुणाची तरी वस्तू असली की. आपण मराठीत चा, ची, चे लावतो ना, त्याच्या जागी. मुलांची प्लेट लिहिलीय, तिथे ठिपका पाहिजे होता आणि तिथेच नाही, नुसतं CHILDRENS. चिल्ड्रन हा शब्दच मुळात अनेकांचा, म्हणून तिथे ठिपका एसच्या आधी.

तिला हे पटकन समजलं. मग बायकांच्या खोलीपाशी आलो. तिथे LADIE'S असं होतं. मी म्हटलं, बाई एक असती तर शब्द लेडी, त्याला ठिपका आणि मग एस. पण खोली एका बाईसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. अनेकींचा शब्द लेडीज, त्याच्या शेवटी एस आहेच. म्हणून ठिपका एसच्या नंतर. एकाचं असेल तर आधी, एस लागून अनेक झालेल्यांचं असेल तर नंतर.

नीट ध्यानात यावं म्हणून मी पाटीवर दोन्ही काढून दाखवलं. एका दिवसाची आगाऊ सूचना, ठिपका आधी. दोन दिवसांची, यादीच्या तळाशी मागितली होती ती, ठिपका नंतर. ती दोन्हीकडे बघत राहिली. मग तिनं यादीच्या अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे दुकानाचं नाव होतं.

"मंग हे बी चुकलंय की," ती म्हणाली. "दोघं भाऊ हायती. ठिपका एसच्या म्होरं पायजे."

खरंच चुकलं होतं. दुकानाच्या पाटीवर आणि यादीवर, दोन्हीकडे BROTHER'S असं लिहिलेलं होतं. भावाचं उपाहारगृह, एका भावाचं. शाळेच्या बाईनंही त्याला गोल केला नव्हता, कारण भाऊ किती ते तिला कुठून ठाऊक असणार? आणि मीही नाव म्हणून त्याच्याकडे बघितलं नव्हतं. ती चूक धाकटीनं काढली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. मग ठिपका खोडून एसच्या नंतर काढला आणि स्वच्छ अक्षरात सबंध यादी नव्यानं उतरवून ठेवली.

थोरला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. हे ड्यूटीवर होते. तो ओट्यावर बसला, मी उंबऱ्याच्या आत उभी राहून एकेक दुरुस्ती सांगितली. त्याचंही डोकं तेज होतं. तो मान हलवत होता, मध्येच म्हणाला की तो छापखानेवाला मला म्हणाला होता, एस आला की ठिपका द्यायचाच, इंग्लिशचा कायदाच हाय. शेवटी मी वरची ओळ दाखवली. म्हटलं, इथे आधी एका भावाचं झालं होतं, मी दोघांचं केलंय.

त्यानं कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो ठिपका कुठे आहे ते त्याला दिसत होतं.

"ते तेवढं पयल्यासारखं ऱ्हाऊ द्या, मास्तरीणबाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, तसं ठेवलं तर अर्थ एकाच भावाचं असा होतो.

"व्हय. तेच बराबर हाय आता."

मला कळायला थोडा वेळ लागला. महिन्यापूर्वी दुसरं सरकारी पत्र आलं होतं, असं त्यानं सांगितलं. इंग्रजीत होतं. ते त्यानं स्टेशनात ह्यांच्याकडूनच वाचून घेतलं होतं. पलटणीच्या सुटून आलेल्या कुणीतरी जबानी दिली होती की धाकटा सिंगापूरच्या आधीच, एका पुलापाशी पडला. सरकारनं तो मेला असं धरलं होतं. थोरल्यानं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

"म्हातारीला सोसायचं न्हाई," तो म्हणाला. "आन पोरीला सांगितलं की तिला म्हातारीपासनं लपवायला लावायचं. ते तिला जमायचं न्हाई. म्हातारी हाय तवर मी एकटाच घिऊन बसतो."

मी विचारलं, मग लपवायचंच आहे तर यादीवर दोघांचं राहिलं म्हणून काय बिघडलं?

"तोंडानं रोज खोटं बोलतो मी, बाई. येईल, येईल म्हणतो. छापून भितीला लावायचं न्हाई हुतं मला. आन ह्यो फरक तुमाला आन मला. दुसऱ्या कुणाला कळतोय हितं?"

इथे मी बोलायला हवं होतं. कालच दुपारी हा फरक मी त्याच्या भावजयीला पाटीवर काढून दाखवला होता, आणि ती ओळ तिनंच दाखवली होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ती शिकते हे त्याला सांगू नका अशी गळ तिनं मला घातली होती, आणि त्या क्षणी मला तेवढंच आठवलं. की मी भ्याले, की आपण काय करून बसलो ते पूर्ण उमगलंच नव्हतं, आज सांगता येत नाही. मी आत जाऊन पेन आणलं आणि वरच्या ओळीतला ठिपका परत एसच्या आधी केला. तो कागद घेऊन गेला.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी विचारलं, तुम्ही मला पत्राचं का नाही सांगितलं?

ते जेवत राहिले. मग म्हणाले, "ती रोज तुझ्याकडे येते. तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

ते खरंच होतं. त्या दिवसापासून मी तिच्याकडे सरळ बघू शकले नाही. ती यायची, पत्ता गिरवायची. पलटणीचं नाव, नंबर, सगळं आता ती न चुकता लिहायची. मी पाटीकडे बघत बसायची. एकदा ती म्हणाली, बाई, तुमाला बरं वाटत न्हाई का? मी म्हटलं, डोकं दुखतं.

आठ दिवसांनी छापखान्यानं कच्चा कागद तपासायला पाठवला. गार्डानं तो ह्यांच्याकडे दिला आणि ह्यांनी घरी आणला. अंडी, केक, बिस्किटं सगळी ठिपक्यांवाचून नीट होती. मुलांच्या प्लेटला ठिपका एसच्या आधी, बायकांच्या खोलीला नंतर, प्रवाशांच्या सामानालाही नंतर. दोन दिवसांच्या सूचनेचा ठिपका तेवढा राहिला होता, तो मी समासात खूण करून दाखवला. वरची ओळ थोरल्याला हवी तशी होती. मी खाली "ठीक" असं लिहून दिलं. वडील म्हणायचे, ठीक लिहिलं की चूक तुझी.

छापून आलेल्या याद्या पन्नास होत्या. कागदाच्या टंचाईमुळे त्याहून जास्त मिळाल्या नाहीत. एक शाळेला पाठवायची होती, एक भिंतीवर, काही मोटारस्टँडवर, बाकीच्या गिऱ्हाइकांपुढे ठेवायला. गठ्ठा सकाळच्या गाडीनं आला. थोरला त्या दिवशी मैद्याच्या परमिटासाठी साताऱ्याला गेला होता, म्हणून गठ्ठा धाकटीनं सोडला.

दुपार व्हायची वाट न बघता ती आली. हातांना पीठ तसंच होतं.

"छापणारानं चूक केली, बाई," ती म्हणाली. "वरला ठिपका पयल्याच जागी दिलाय."

तिचा चेहरा नुसता वैतागलेला होता, एवढं करूनही चुकलंच याचा वैताग. मी म्हटलं, हो, राहिली असेल. त्यांच्याकडून राहते. तिनं विचारलं, आता परत छापायला कागद मिळंल का? मी म्हटलं, नाही मिळायचा. मग तिनं माझी दौत आणि टाक मागितला. दाढीचं एक जुनं पातंही मागितलं, खरवडायला. मी दिलं. मी का दिलं हे मला पुढे कितीदा तरी कुणी विचारावं असं वाटलं, कुणी विचारलं नाही.

मी खिडकीतून बघत होते. दुकानाच्या मागच्या बाजूला, भट्टीशेजारच्या बाकावर ती बसली. एकेक यादी घेऊन वरचा ठिपका पात्यानं हलकेच खरवडायची, कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. मग टाकानं एसच्या पुढे ठिपका काढायची, त्याची बारीक शेपटी खाली वळवायची, मी शिकवलं होतं तशी. वाळायला यादी बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची. म्हातारी शेजारी बसून विचारत होती, काय करतीस गं? ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण दोघी हसल्या. पन्नासच्या पन्नास तिनं केल्या. मग स्टूल घेऊन दाराबाहेर आली आणि पाटीवरच्या नावातही चुन्यानं ठिपका काढला. तिथला जुना ठिपका तिला खरवडता आला नाही, म्हणून पाटीवर दोन ठिपके झाले, एसच्या आधी एक आणि नंतर एक.

थोरला संध्याकाळच्या गाडीनं उतरला. मी दारात उभी होते. स्टेशनातून बाहेर येऊन तो रस्ता ओलांडू लागला आणि मध्येच थांबला. वर बघत उभा राहिला. एक टांगेवाला त्याला बाजूला हो म्हणून ओरडला तेव्हा तो हलला. त्यानं एकदाच मागे वळून माझ्या दाराकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आत काय झालं ते मला नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. त्यानं पहिल्यांदा तिला विचारलं की हे कुणी केलं. तिनं सांगितलं, मी केलं, चूक होती. त्यानं विचारलं, तुला कुणी शिकवलं? तिनं माझं नाव घेतलं. मग ती म्हणाली की आता तुमी बी वाचून घ्या, ह्यो ठिपका असा असला म्हंजी दोघं. त्यावर तो खाली बसला. त्याला आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं, छापखान्याची चूक म्हणता आलं असतं, तिनं आयतीच तशी समजूत करून घेतली होती. पण ते पन्नास कागद त्याच्यासमोर ओळीनं पसरलेले होते. त्यानं पिठाचा डबा सरकवला आणि पत्र काढलं.

आमच्या क्वार्टरमध्ये धाकटीच्या रडण्याचा आवाज आला नाही. मी वाट बघत होते, आला नाही. म्हातारीचा आला, खूप वेळानं, बारीक, एकसारखा. दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटली नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटी आली. मागच्या दारानं नाही, पुढून. हातात माझी दौत आणि टाक होता, टाक धुतलेला होता. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं. बांगड्या नव्हत्या.

"तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"ठावं असून मला दौत दिली."

ती थोडा वेळ उभी राहिली. माझ्याकडून काही येईल असं तिला वाटलं असावं. नंतर मी हजारदा मनात उत्तरं जुळवली, त्यातलं एकही त्या उंबऱ्यावर ठेवण्यासारखं नव्हतं. ती गेली.

दहाव्या की बाराव्या दिवशी तासगावहून तिचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. दुपारच्या गाडीची, तासगावला जायला जिथे उतरायचं त्या भिलवडीपर्यंतची दोन तिकिटं ह्यांनीच दिली. थोरल्यानं तिची ट्रंक डोक्यावरून आणली. मी फलाटावर गेले नाही. हे सांगत होते की गाडी सुटेपर्यंत तो डब्याच्या खिडकीपाशी उभा होता. म्हातारी त्या पावसाळ्यातच गेली. ज्या धक्क्यापासून तिला वाचवायला हे सगळं चाललं होतं तो तिनं दोन महिने सोसला. मग ताप आला आणि त्यात ती गेली, कदाचित तिचे दिवसच भरले असतील.

यादीचं मात्र चांगलं झालं. दुसरा कागद नव्हता म्हणून थोरल्यानं शाळेला त्या हातानं दुरुस्त केलेल्यांतलीच एक पाठवली. दिवाळीच्या सुट्टीला मुलं आली तेव्हा ती नवीन बाई स्वतः बरोबर होती. उंच, हाडकुळी, उन्हानं लाल झालेली. तिनं भिंतीवरची यादी चष्मा लावून खालपासून वरपर्यंत वाचली. वरच्या ओळीवर खरवडल्याची खूण दिसत होती. तिनं थोरल्याला इंग्रजीत विचारलं की हे एवढं बारीक दुरुस्त कुणी केलं. थोरला म्हणाला, भावाच्या बायकोनं. बाई म्हणाली, तिला माझ्यातर्फे शाबासकी सांग, आणि तुमचे भाऊ कुठे असतात? हे सगळं ह्यांनी ऐकलं, कारण मुलं मोजायला ते तिथेच उभे होते. थोरल्यानं सांगितलं, वॉरमध्ये. एवढंच. बाईनं मान डोलावली आणि अडतीस प्लेटा मागवल्या.

मला एकदा वाटलं की जाऊन त्याच्याशी बोलावं. मी गेले. तो अंडी फोडत होता. मी म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला हवं होतं की तिला कळतं. तो हात न थांबवता म्हणाला की मास्तरीणबाई, कवा तरी सांगावंच लागनार हुतं, तुमी मनाला लावून घिऊ नका. ते तो गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला. त्यानंतर तो आमच्या ओट्यावर कधी बसला नाही. ह्यांच्याशी बोलायचा, माझ्याशी नमस्कारापुरतं.

युद्ध संपलं तेव्हा आमची बदली सांगलीकडे झाली. सुटून आलेल्या युद्धकैद्यांच्या याद्या छापून यायला लागल्या होत्या. मी त्या सगळ्या वाचायची, धाकट्याच्या पलटणीचं नाव शोधत. चुकून कुणाची जबानी खोटी ठरली असेल, असं मनात यायचं. नाव आलं नाही.

एकोणीसशे पन्नास साल जवळ आलं तेव्हा एकदा सांगलीच्या बाजारात धाकटी दिसली. तिनंच मला ओळखलं. अंगानं भरली होती, कडेवर एक मूल होतं, दुसरं पदराला धरून. तासगावच्याच एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे तिचा दुसरा नवरा गाडी हाकत होता. तिनं ह्यांची चौकशी केली, माझ्या मुलांची केली. थोरल्यानं वाठारचं दुकान विकलं आणि तो साताऱ्याला एकटाच राहतो, असं तिनंच सांगितलं. ईदला त्याच्याकडे जाऊन येते, म्हणाली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, लिहितेस का अजून? ती म्हणाली, कुनाला लिवायचं? मग तिच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. तिनं दोन डझन केळी घेतली होती, त्यातलं एक सोलून तिनं त्याच्या हातात दिलं. दुसऱ्यालाही हवं होतं. त्यालाही दिलं. बैलगाडी पुलाजवळ उभी आहे, म्हणाली, आणि गर्दीतून गेली.